यादीतल्या दोन ओळी

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात. आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नाही त्यांनी, पण काहीही विचारा, आधी पेन्सिल काढणार, कागदावर चौकोन काढणार, बाण काढणार, मग तोंड उघडणार. मला त्याचा भयंकर वैताग येतो. मी मदतकक्षाच्या फोनवर बसते, मला एका वाक्यात उत्तर हवं असतं. दिवसाला शंभर माणसं माझ्या कानात ओरडतात, त्यांना काय चौकोन दाखवू?

आमचं काम नर्सिंगच्या प्रवेशाचं. अर्ज, गुणवत्ता यादी, जागा निश्चित करणं, सगळं आमच्या वेबसाइटवर. वेबसाइट आमच्या सर्व्हरवर असते, पण लोक थेट तिथे येत नाहीत. मध्ये एक सीडीएन कंपनी आहे. तिची केंद्रं गावोगावी, लोकांची मागणी ती घेतात आणि आमच्याकडून उत्तर आणून देतात. आमचा सर्व्हर फक्त त्या केंद्रांनाच आत घेतो. कुणाला घ्यायचं त्यांच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची यादी, ओळीला पत्त्यांचा एक गट अशी, फायरवॉलमध्ये असते, आणि यादीत नसलेल्याला फायरवॉल तोंडावर ‘नाही’ म्हणते. हे मला मास्तरांनीच शिकवलं, चार चौकोन आणि तीन बाण काढून.

या यादीची त्यांची एक पद्धत आहे. सीडीएनने नवे पत्ते जाहीर केले की ते यादीत हाताने घालतात. मी कंपनीची यादी मोठ्याने वाचायची, त्यांनी आमच्या यादीवर पेन्सिलीने टिक करायची. मग उलट, ते वाचणार आणि मी टिक करणार. आणि प्रत्येक बदल एका निळ्या वहीत: तारीख, काय केलं, का केलं. “एवढं दोन-दोनदा कशाला हो?” मी एकदा कुरकुरले. “बाईसाहेब, एका आकड्याची चूक झाली तर कुणीतरी बाहेर राहतं,” म्हणाले.

त्या दिवशी जागा निश्चित करायची शेवटची मुदत होती, संध्याकाळी पाच. सकाळी साडेदहाला एका बाईचा फोन आला. आवाज अगदी शांत. “ताई, बटण दाबलं की ‘५०२ बॅड गेटवे’ येतंय.” मी नेहमीसारखं सांगितलं, “पुन्हा करून बघा.” साडेअकराला पुन्हा त्याच. “केलं हो ताई. सात वेळा. एकदा पान उघडलं, पण शेवटचं बटण दाबलं की पुन्हा तेच.” आणि मग स्वतःहून सांगितलं. वय सदतीस. नवरा गेल्यावर दहा वर्षं दवाखान्यात झाडू-पोछा केला, यंदा पहिल्यांदाच गुणवत्ता यादीत नाव आलं. पुढच्या वर्षी वयोमर्यादा ओलांडते. “पाचच्या आत झालं नाही तर जागा पुढच्याला जाते ना?”

जाते, मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? 

तोवर असे बेचाळीस फोन झाले होते. मी तणतणत मास्तरांच्या खोलीत गेले. ते आदल्याच दिवशी रजेवरून आले होते, मुलीला मुलगी झाली म्हणून. टेबलावर पेढ्यांचा डबा, चेहऱ्यावर अजून तेच हसू. मला राग आला, खरं सांगते. “सर्व्हर पडलाय आणि तुम्ही हसताय!”

“सर्व्हर ठणठणीत आहे,” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “इथून थेट पन्नास वेळा पान मागवलं, पन्नासही वेळा आलं. सीडीएनकडून मागवलं, तर पन्नासात अकरा वेळा ५०२. आणि गंमत बघा, त्या अकरांची सर्व्हरच्या नोंदीत एक ओळसुद्धा नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत.” पेन्सिल निघाली. चौकोन झाला, बाण झाला. मी दात आवळले.

तेवढ्यात आमचे साहेब आत घुसले. “मास्तर, फायरवॉल तासभर सगळ्यांना उघडी करा. बोंबाबोंब नको आज.”

“नाही करणार,” मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही. “आत तीस हजार लोकांची कागदपत्रं आहेत. मला अर्धा तास द्या.”

साहेब घड्याळाकडे बोट दाखवून गेले. पावणेबारा. मास्तरांनी फायरवॉलच्या नकारांच्या नोंदी काढल्या. नकारांची वेळ आणि त्यांच्या अकरा ५०२ची वेळ सेकंदापर्यंत जुळली. नाकारलेले सगळे पत्ते दोनच गटांतले, आणि दोन्ही गट आमच्या यादीत नव्हते.

“घालून टाका ना मग!” मी.

“आधी ते खरोखर त्यांचेच आहेत का ते बघू. वाचा.”

कंपनीच्या साइटवरची ताजी यादी मी वाचू लागले. त्यांच्या एकोणीस ओळी, आमच्या सतरा. अठरावी आणि एकोणिसावी तेच दोन गट. काही केंद्रं जुन्या पत्त्यावरून आमच्याकडे येत होती, काही नव्या. जुन्यावरून आलेल्याला दार उघडं, नव्यावरून आलेल्याला बंद. म्हणून कुणाचं होत होतं, कुणाचं नाही. त्या बाईच्या गावाचं केंद्र बहुतेक नव्याच पत्त्यावरून येत असणार.

“पण कंपनी आधी मेल पाठवते,” मास्तर पुटपुटले. “मला कसा दिसला नाही?”

मला एकदम आठवलं. मेल आला होता. सामायिक पेटीत, ते रजेवर असताना. रंगीबेरंगी चित्रं, वर मोठ्या अक्षरात ‘आमचं जाळं वाढतंय!’ मला वाटलं, आली आणखी एक जाहिरात. उचलला आणि जाहिरातींच्या फोल्डरमध्ये टाकला. उघडलासुद्धा नाही.

“मास्तर, माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मी कुणाची चूक काढताना किती तोंड सोडते ते अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. आता स्वतःची काढायची होती.

 त्यांनी दोन ओळी यादीत घातल्या, मी वाचल्या, त्यांनी टिक केली, मग त्यांनी वाचल्या, मी टिक केली. मग पुन्हा पन्नास वेळा पान मागवलं. पन्नासपैकी पन्नास. नकारांच्या नोंदी थांबल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी धावत फोनकडे गेले. बेचाळिसांना फोन लावायचे होते, पण पहिला त्या बाईंना लावला. “ताई, आत्ता करा. मी फोनवर आहे.”

पलीकडे बटणाचा आवाज.  मग एकदम, “आलं! आलं हो ताई! जागा निश्चित झाली, क्रमांक आलाय!” त्या शांत बाई हुंदके देत होत्या आणि इकडे मीही डोळे पुसत होते. मास्तर माझ्यामागे निळी वही घेऊन उभे होते.

वहीत लिहिलेलं मला दिसलं: ‘दोन नवे गट घातले. कारण: माझ्या रजेत मेल वाचण्याची सोय मी केली नव्हती.’ माझं नाव कुठेच नव्हतं.

“स्पीकरवर घ्या,” ते म्हणाले आणि त्याच ओळीखाली पेन्सिल टेकवली. “बाई, क्रमांक वाचा बरं. सावकाश, एकेक आकडा.”

बाईंनी वाचला, मास्तरांनी लिहिला. मग मास्तरांनी तो परत वाचून दाखवला, आणि पलीकडून बाई प्रत्येक आकड्याला “हो” म्हणत राहिल्या.