वास न येणारी शेगडी

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'मीटरवाले' म्हणत. नोकरीभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले, आणि प्रत्येक घरात कोणीतरी काहीतरी लपवतंय ही समजूत निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाला हसला तरी ते पातेल्यात डोकावत.

आजारपणात बायकोची वासाची जाणीव गेली आणि परत आलीच नाही. एकदा दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच सुटत राहिला, आणि ती त्याच शेगडीपाशी शांतपणे भाजी निवडत बसलेली सुनेला दिसली. त्या दिवसापासून मुलाचा एकच धोशा: "आई, तुझा गॅस बंद. विजेची शेगडी घे, नाहीतर स्वयंपाक हिच्याकडे सोपव."

बायको मुलाला काही बोलली नाही. नवऱ्याला मात्र म्हणाली, "विजेच्या शेगडीवर माझी पोळी फुगायची नाही, आणि स्वयंपाकघर गेलं तर मी इथे पाहुणी होईन. तुम्ही काहीतरी बघा."

मीटरवाले बघायला निघाले, पिशवीत घरचं पातेलं घेऊन. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी हवी होती. तशी दोन कंपन्यांची मिळत होती. एक काचेची, बाजारातल्या मोठ्या दुकानात. दुसरी स्टीलची, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या दुकानात.

दोन्हीकडे त्यांनी तेवढंच पाणी त्याच पातेल्यात ठेवलं आणि ज्योत निळी आहे का, पातेल्याच्या बाहेर पसरते का, हे वाकून पाहिलं. मग पातेलं उचलून फुंकर मारली आणि कान लावला. दोन्हीकडे सूं असा आवाज थोड्या वेळाने खट् होऊन थांबला. पाणी मात्र काचेच्या शेगडीवर लवकर उकळलं.

"सर्व्हिसचं काय?" त्यांनी मोठ्या दुकानात विचारलं.

"काका, फोन करा, माणूस दारात."

छोट्या दुकानदाराने वेगळंच सांगितलं. "दुरुस्ती मीच करतो. पण खरं सांगू का, हिचा बर्नर जरा मंद आहे. गॅस थोडा जास्त जाईल."

मीटरवाल्यांच्या भुवया वर गेल्या. स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "लहान खोट कबूल करतोय म्हणजे मोठी दडवतोय. काचेचीच घेऊ."

काचेची आली. बायको खूश, सून निर्धास्त. काही महिन्यांनी एक बर्नर नखरे करू लागला. नॉब दाबून धरला की पेटे, सोडला की विझे. मीटरवाल्यांनी फोन केला. तक्रार नोंदवली गेली, माणूस काही दारात आला नाही. पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, ज्योत विझली की ओळखणारा सेन्सर बाहेरगावाहून यायचाय, केव्हा ते सांगता येत नाही.

मग एके दिवशी ते बाजारातून परतले, तर बर्नर गुमान जळत होता.

"कोण आलं होतं?"

"कंपनीचा मेकॅनिक. झालं दुरुस्त."

"सेन्सर आला?"

"मला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणाली आणि पोळी उलटण्यात नको तेवढी गुंतली.

मीटरवाल्यांना मेकॅनिकचा संशय आला. त्यांनी तवा उतरवला, फुंकर मारली, कान लावला. सूं. थांबण्याचं नाव नाही. वास आला तसा त्यांनी नॉब बंद केला, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"चोर साला," ते म्हणाले. "झडप उघडीच राहील असं करून गेलाय. कंपनीत तक्रार करतो त्याची."

"नका करू," बायको म्हणाली. "तो नाहीच म्हणत होता. मी गळ घातली."

मीटरवाले बघतच राहिले. उभ्या गावावर संशय घेतला, हिच्यावर कधी घेतला नव्हता.

"बर्नर बंद म्हटल्यावर परवा पोरगं काय म्हणालं, ऐकलंत ना? 'बघ, मी सांगत होतो.' मला तेवढा तो सेन्सर येईपर्यंत वेळ हवा होता."

"आणि मी घरी नसताना ज्योत विझली असती तर?"

तिने कणीक झाकली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "चला, त्या छोट्या दुकानात जाऊ. मंद तर मंद."

दुकानदाराने स्टीलची शेगडी काढली. मीटरवाले पातेलं बाहेर काढणार, तोच बायकोने त्यांना मागे सारलं.

"हिचा सेन्सर बिघडला तर?"

"माझ्याकडे असतो, काकू."

"असतो नको. दाखवा."

त्याने खण उघडून पातळ तारेचा, टोकाशी छोटी दांडी असलेला सेन्सर काढला. तिने तो शेगडीतल्या सेन्सरशेजारी धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"अजून किती आहेत?"

"आहेत की दोन-चार."

"खण पूर्ण उघडा बघू," ती म्हणाली, आणि चष्मा लावून स्वतःच आत डोकावली.