मोफत म्हणजे नेमकं काय

कर्णेवालीबद्दल गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. पहिली अशी, की तिचा आवाजच एवढा दांडगा की तिला कर्ण्याची गरज नाही. वास्तविक ती कधी ओरडत नाही. एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलते, आणि म्हणून तो गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतो. दुसरी अशी, की तिने सख्ख्या भावाचा डोळा घालवला. ही दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

कर्णे, माइक आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा तिच्या वडिलांचा. तो मुलाने चालवायचा असं ठरलेलं होतं. पण दादाचा जीव गवंडीकामात. भिंत सरळ आहे की नाही हे तो ओळंबा सोडण्याआधीच सांगायचा. मग माइक धाकट्या बहिणीच्या हाती आला. कुणाची म्हैस हरवली, कुणाची अंत्ययात्रा केव्हा निघणार, पाणी उद्या येणार की परवा, हे सगळं गावाला तिच्याच तोंडून कळू लागलं.

गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिराची हाकही तिनेच दिली होती. शिबिर समितीच्या अध्यक्षांनी हातात दिलेला मजकूर चार ओळींचा होता: सर्व तपासण्या आणि उपचार मोफत, सोबत काहीही आणण्याची गरज नाही, फक्त या. दादा गेला. त्याला बाजूचं कमी दिसत होतं, पराती उचलताना बांबूंना खांदा लागत होता. शिबिरात त्याला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने ओळखपत्र आणि शिधापत्रिका मागितली. दादा म्हणाला, काही लागत नाही असं कर्ण्यावर सांगितलंय. खिडकीमागचा माणूस हसला, रांगही हसली. कागद नसतील तर पैसे भरा, असं म्हणून त्याला बाजूला केलं. दादाने चिठ्ठी तिथेच फाडली आणि तो घरी आला. वर्षभरात उजवा डोळा गेला. आता डाव्याने तो काम करत होता आणि तोही कडेने अंधारत चालला होता.

बहिणीने एकदा सांगून पाहिलं, की मजकूर तिचा नव्हता. दादाने ऐकून घेतलं.

"लिहिला कुणी ते मला काय करायचंय?" तो म्हणाला. "आवाज तुझा होता."

त्यानंतर ती त्या घराची पायरी चढली नाही. तिला चढू दिलं नाही, असंही म्हणता येईल.

यंदाचा मजकूर घेऊन उपकेंद्रातली सिस्टर दुकानात आली, तेव्हा कर्णेवाली वायर सोलत बसली होती.

"वाचून घे. उद्यापासून फिरायचंय."

"मोफत म्हणजे काय काय मोफत?" कर्णेवालीने कागदाला हातही लावला नाही.

"लिहिलंय ना त्यात."

"त्यात 'सर्व' लिहिलंय. सर्व म्हणजे काय ते सांगा."

सिस्टरचा चेहरा ताठ झाला. "तुला काय वाटतं, गेल्या वर्षी शिव्या फक्त तुलाच बसल्या? माझ्या दारात बायका येऊन बसल्या होत्या. हाक तुझी आणि मार आम्हाला."

"मग यंदा दोघींनाही नको. बसा. एकेक ओळ सांगा."

प्रेमाने नाही, पण सिस्टर बसली. एकीने विचारायचं, दुसरीने फणकारत उत्तर द्यायचं, असं बराच वेळ चाललं. रक्तदाब, साखर, डोळ्यांची नजर आणि डोळ्यांतला दाब, एवढं शिबिरात मोफत. शस्त्रक्रिया शिबिरात होत नाही. ज्याला पुढच्या तपासणीची गरज, त्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर विभाग आणि वार लिहिलेला. रुग्णालयात साध्या रांगेत उभं राहायचं नाही, शिबिराच्या चिठ्ठ्यांची खिडकी वेगळी आहे.

"आणि तिथे सगळं फुकट?"

"तपासणी आणि खाट मोफत, पण कागद असतील तरच. ओळखपत्र आणि शिधापत्रिका, अस्सल आणि प्रत, दोन्ही. एखादं औषध त्यांच्या भांडारात नसलं तर बाहेरून घ्यावं लागतं. हे मात्र कुणी सांगत नाही."

"मी सांगेन."

"अजून एक," सिस्टर उठता उठता म्हणाली. "रक्तदाबाची गोळी चुकवून येऊ नका म्हणावं. यांना वाटतं, गोळी न घेता आलं की खरा आजार दिसतो. आणि जुने कागद, चालू गोळ्या, बाटल्या, सगळं आणा. डॉक्टरची असो, दुकानातून आणलेली असो. लोक लपवतात. म्हणतात, जुनं दाखवलं की डॉक्टर नव्याने बघतच नाही."

संध्याकाळी अध्यक्ष आले. दोघींनी बदललेला मजकूर वाचून त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"बाहेरून औषध घ्यावं लागेल, हे कशाला? लोक येणार नाहीत. मांडवात माणसं दिसायला हवीत, पाहुणे येणारेत."

"गेल्या वर्षी दिसली होती की."

"तू मला शिकवू नकोस. भाडं घेतेस ना? दिलंय ते वाच."

"मग दुसरा कर्णा बघा," ती म्हणाली.

पंचक्रोशीत दुसरा कर्णा नव्हता. अध्यक्ष तणतणत गेले. जाताना त्यांनी दोन खुर्च्यांना पाय मारला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रिक्षेवर कर्णा बांधून ती निघाली. चहाच्या टपरीपाशीच स्वागत झालं.

"आली बघा मोफतवाली!"

"बाई, यंदा किती डोळे न्यायचेत?"

ती थांबली नाही. ओळखपत्र, शिधापत्रिका, अस्सल आणि प्रत. चालू असलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक बाटली. शिंप्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "औषध बाहेरून घ्यावं लागणार, मग तुमचं मोफत काय, वारा?" तिने माइकवरच उत्तर दिलं, "तपासणी मोफत आहे. औषध असलं तर मोफत, नसलं तर नाही. आधीच सांगतेय, नंतर माझ्या दारात यायचं नाही." टपरीवर हशा पिकला, पण एका म्हातारीने रिक्षा अडवून विचारलं, की गोळीची रिकामी पाकिटं चालतील का. चालतील, असं तिने सांगितलं.

दादाच्या गल्लीत वळताना रिक्षावाल्याने मागे पाहिलं. "इथे नको असेल तर पुढून घेतो."

"इथेच. सावकाश."

मजकूर निम्मा झाला असेल, तेवढ्यात वहिनी भांडं घासता घासता राखेच्या हातांनी बाहेर आली.

"वन्सं, लाज कशी वाटत नाही हो? ह्याच दारात?"

"...दुकानातून आणलेले डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा आणावेत," कर्णेवालीने वाक्य पुरं केलं आणि मग माइक बंद केला. "वहिनी, तुम्ही मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण त्याला घेऊन या. डावा गेला तर मग काय?"

"डावा गेला तर तुमच्या दारात आणून बसवते. माइक धरायला लागेल ना कुणी!"

आतून दादाचा आवाज आला, "दार लाव." दार लागलं. रिक्षावाला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

शिबिराच्या दिवशी दादा आला. बहिणीने बोलावलं म्हणून नव्हे, डावा डोळा आदल्या दिवशी कामावर दगा देऊन गेला म्हणून: पाय परातीत पडला आणि मिस्त्रीने सगळ्यांदेखत त्याला घरी बसायला सांगितलं होतं. कर्णेवाली मांडवाच्या कोपऱ्यात माइकपाशी होती. तिच्याकडे त्याने पाठ केली.

डोळे तपासणाऱ्या बाईंनी थेंब टाकला, पेनसारखं यंत्र बुबुळाला हलकेच टेकवलं, आकडा पाहिला, पुन्हा टेकवलं. मग डॉक्टरांना बोलावलं.

"दाब फार आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांत काही घालता?"

"काही नाही."

"कुठलेच थेंब नाहीत?"

"नाही म्हटलं ना. नव्याने बघा, तुम्हाला काय दिसतं ते."

वहिनी मागे उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या नणंदेकडे, जणू तिनेच चिमटा काढला असावा. आणि पदराच्या टोकातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"रोज घालतात. सिमेंटने डोळे लाल होतात म्हणून. औषधाच्या दुकानातून. दोन वर्षं झाली असतील."

"तुला कुणी विचारलं?" दादा उसळला.

"कर्ण्यावर ओरडून ओरडून सांगत होती तुमची बहीण! कान नाहीत का मला?"

डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक वाचलं. हे थेंब लाली उतरवतात, ते म्हणाले, पण महिनोन्‌महिने घातले तर काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढवतात, आणि वाढलेला दाब आतली नस खातो. उजव्या डोळ्याचं एकट्या थेंबांमुळे झालं की आधीपासूनच काही होतं, हे इथे सांगता येणार नाही. हे थेंब आजपासून बंद. दाब उतरवणारे थेंब त्यांनी तिथेच टाकले आणि चिठ्ठीवर लाल पेनाने 'तातडीने' लिहिलं. उद्याच.

"मी जाणार नाही," दादा म्हणाला. "त्या खिडकीपुढे पुन्हा उभा राहणार नाही."

सिस्टर काही बोलणार, तोच तो माइकच्या दिशेने वळला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने बहिणीकडे तोंड करून आवाज चढवला.

"जायचं तर हिला घेऊन. हिने हाक दिली ना? मग तिथे हीच उभी राहील. हसायचं तर हिला हसू दे."

दुसऱ्या दिवशी तिघं रुग्णालयात पोचली. चिठ्ठ्यांची खिडकी खरोखरच वेगळी होती, पण तिच्यावर पाटी नव्हती. दोनदा विचारावं लागलं. कर्णेवालीने चिठ्ठी, ओळखपत्र, शिधापत्रिका आणि प्रती एकावर एक ठेवल्या. खिडकीमागच्या माणसाने एक प्रत पुसट म्हणून परत सारली. तिने दुसरी दिली. दादा दोन पावलांवर उभा राहून त्या माणसाचा चेहरा बघत होता. कुणी हसलं नाही. शिक्का पडला.

तपासणी लांबली. अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसून दिवा दिसला की बटण दाबायचं, असं एकेका डोळ्याचं झालं. शेवटी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. डाव्याचं जेवढं शिल्लक आहे तेवढं राखायचं, हेच आता काम. रोज ठरल्या वेळी थेंब, एकही खाडा नाही, दर काही महिन्यांनी दाब मोजायचा. दोनपैकी एक बाटली भांडारात होती. दुसरी बाहेरून घ्यावी लागणार होती.

"आणि उजवा?" दादाने विचारलं.

"गेलेलं परत येत नाही."

"गेल्या वर्षी आलो असतो तर?"

बाईंनी क्षणभर कागद चाळले. "थोडा राहिला असता. किती, ते मी सांगू शकत नाही."

वहिनी बाहेरचं औषध आणायला गेली. दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसली. कर्णेवाली त्याच्या उजव्या बाजूला होती, जिथून ती त्याला दिसणं शक्य नव्हतं. तिला वाटलं, काही बोलावं. पण जे सांगायचं ते वर्षापूर्वीच सांगून झालं होतं आणि त्यात आज फारशी भर पडली नव्हती.

"आहेस का?" दादाने मान न वळवता विचारलं.

"आहे."

"गावात तेच म्हणतील. बहिणीने डोळा घालवला म्हणून."

"म्हणू दे."

"म्हणतीलच," तो म्हणाला. "आणि मी 'नाही' म्हणणार नाही."