शुक्रवारची सुट्टी

माझा नवरा अकोल्याला एका दालमिलमध्ये कामाला. तिकडच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. मी अमरावतीत साड्यांच्या मोठ्या दुकानात, आणि आमचं मार्केट रविवारी बंद. गुरुवारी रात्री तो यायचा. शुक्रवारी मी दुकानातून घरी पोचेपर्यंत तो परतीच्या बसमध्ये बसलेला असायचा. तो काय जेवला, काय बोलला, हे मला सासूबाई सांगायच्या. मी त्याची बायको की शेजारीण, असा प्रश्न मला पडायचा. मिलच्या हंगामात ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दरानं मिळत, पण गेलेली संध्याकाळ कोणत्याच दरानं परत मिळत नाही.

लग्नसराईच्या तोंडावर दुकानाच्या शेठजींनी आम्हा कामावरच्या बायकांना गोळा केलं. "आता कायद्यानं दुकान सातही दिवस उघडं ठेवता येते. पुढच्या हप्त्यापासून रविवारची सुट्टी बंद."

मार्केट बंद म्हणजे सुट्टी, एवढंच आम्हाला सगळ्यांना ठाऊक. मार्केटच उघडं, तर सुट्टी कुठली? बायका आपापल्या कामाला वळल्या. माझं डोकं मात्र फिरलं.

"शेठजी, दुकान दमत नाही, मानूस दमते. तुमच्या वकिलाले इचारा ना एकदा!"

शेठजींना राग आला, पण सगळ्यांदेखत नाही म्हणवेना. त्यांनी दुकानाचं कामगारखात्याचं काम बघणाऱ्या वकिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

वकील हसले. "शेठजी, दुकान रोज उघडा, कोनी अडवत नाही. पन हरेक कामगाराले हप्त्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्याच लागते. पाळीपाळीनं द्या. कामासाठी एखादी सुट्टी बुडालीच, तर दोन महिन्यांत बदली सुट्टी द्या."

शेठजींनी मान डोलावली. "मंग वाटून घ्या दिवस. भांडू नका फक्त."

भांडण झालंच! प्रत्येकीला रविवार हवा होता. मुलांची शाळा, माहेर, सगळं रविवारीच. दोघी तर हमरीतुमरीवर आल्या. मी म्हटलं, "मले शुक्रवार द्या." कोणी हरकत घेतली नाही. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की हातातली साडी घडी न घालताच ठेवली.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "काहून बसून राह्यली? दुकान नाही का?"

"दुकान हाय. मले सुट्टी हाय."

तो बघतच राहिला. मग आम्ही दोघं अंगणात उन्हात चहा घेत बसलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि भर दिवसाउजेडी निवांतपणे त्याच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या कानामागचे केस पिकले होते.

"हे कवा झालं?" मी विचारलं.

त्यानं तिथं हात फिरवला. "झालं असंन एखाद्या शुक्रवारी."