फाटक्या कोपऱ्याचं पत्र

गारखेड्यातल्या रामकिसनभाऊंची धाकटी लेक सोनिया बोलताना अडकते. सगळ्या अक्षरांना नाही. च अडकतो, क अडकतो, आणि घाई केली की बाकीचीही त्यांच्या मागं थांबतात. ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, म्हणजे रिक्षावाल्याला नेमका तोच च सांगायचा. ते थोरली दीपमाला सांगायची. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत सोनियानं तोंड उघडलं की उरलेलं वाक्य अक्काच्या तोंडून पुरं व्हायचं. मायेनंच व्हायचं. पण बावीस वर्षांत सोनियाचं एक लांब वाक्य त्या घरानं शेवटापर्यंत ऐकलं नव्हतं.

दीपमालाचं लग्न ठरलं ते नागपूरला. साड्या निवडतानाही तिच्या तोंडी एकच, "मी गेल्यावर हिचं कोण बोलंल?" नवऱ्या मुलाला तर तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, की महिन्यातले आठ दिवस मी माहेरीच राहीन.

ही काळजी अक्काच्या सामानातून काढायची, एवढंच सोनियाच्या मनात होतं. तोंडानं सांगावं, तर अक्का वाक्य मधेच तोडून पुरं करणार. मोबाइलवर लिहावं, तर तिथं शुभेच्छांचा ढीग पडलेला. म्हणून ती हळदीच्या दुपारी वही घेऊन गच्चीवर बसली.

पहिल्या कागदावर तिनं शाळेत शिकवल्यासारखं लिहिलं, 'तीर्थस्वरूप अक्कास, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.' वाचलं, तर ते मुख्याध्यापकांना रजा मागितल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कागदावर उपदेश झाला, सासूशी कसं वागावं वगैरे. तिला स्वतःचंच हसू आलं. तिसऱ्यावर नुसतं 'अक्का' लिहिलं आणि मग हात थांबला नाही. कागदावर कुठलंच अक्षर अडकत नव्हतं. शेवटी पाहिलं, तर तळाच्या कोपऱ्याला बोटांचं हळदीचं तेल लागलेलं. तिनं तेवढा कोपरा नीट फाडून टाकला आणि दुसऱ्या दिवशी, लग्न लागल्यावर, पत्र अक्काच्या बॅगेत साडीच्या घडीत ठेवलं.

पाठवणीच्या आधी सरूबाई आत्या बॅगेत शिदोरीचे लाडू ठेवायला गेल्या आणि कागद हाती आला. आत्या बिडकीनच्या, जुन्या वळणाच्या. पूर्वी मयताची खबर धाडताना पत्राचा कोपरा फाडत. तो फाटका दिसला की घर न वाचताच रडायला लागायचं.

"कोणी ठेवलं हे?" आत्यांचा आवाज चढला. "लेक सासरी निघाली अन् बॅगेत मयताचं पत्र! अक्कल हाय का नाय?"

खोलीतल्या बाया जवळ सरकल्या. आत्या कागद फाडणार, तोच दीपमाला म्हणाली, "आत्या, तिला म्हाईत नसंल वो. डाग पडला असंल, म्हणून तिनं—"

"अक्का," सोनियानं हात वर केला. "तू न... नको. मी सांगते."

दीपमाला तशीच थांबली.

"ह... हळदीचं तेल लागलं होतं. म्हणून फा... फाडलं."

"अगं येडे, हळदीचा डाग तर शुभ असतो! तोच ठेवायचा ना!" आत्यांनी कपाळाला हात लावला. बाया हसल्या, पण कागद आत्यांच्याच मुठीत राहिला. "तरी हे असलं मी जाऊ द्यायची नाय."

"मग वा... वाचून दाखवते. ऐकून ठरवा."

आणि आत्यांच्या मुठीतून कागद सोडवून ती वाचायला लागली.

"अक्का, मंगळवारी तू मेंदी काढत होतीस, तेव्हा मी एकटी रिक्षात बसले. चिकलठाणा मीच म्हणाले. चार वेळा अडकले. रिक्षावाला थांबला. पाचव्यांदा निघालं. अक्का, लोक थांबतात. तूच थांबत नाहीस, कारण तुला माझं अडकणं बघवत नाही. महिन्याला आठ दिवस येऊ नकोस. सणाला ये, पाहुणी म्हणून ये. माझं बोलायला येऊ नकोस. रविवारी फोन मी करीन. तू फक्त ऐक."

एवढं वाचायला लई वेळ लागला. प्रत्येक अडलेल्या शब्दाला दीपमालाचे ओठ हलत. पण आवाज तिनं बाहेर येऊ दिला नाही. शेवटी शेवटी तर ओठही मिटले.

मग तिनं ब्लाउज उसवायला आणलेली कात्री उचलली, सोनियाच्या हातून पत्र घेतलं आणि उरलेले तिन्ही कोपरे कापले.

"बघा आत्या. आता कुठला फाटकाय?"

"ही कुठली गं रीत?"

"आमची."

आत्यांनी नाक मुरडलं आणि पत्रावर चिमूटभर हळद टाकून ते स्वतःच लाडवांच्या डब्याखाली सरकवलं.

गाडीपाशी सगळे रडले, रीतीप्रमाणं. दीपमाला आत बसली. नागपूरचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "जालन्याकडं गाडी कुठून काढू, ताई?"

दीपमालानं तोंड उघडलं, मिटलं आणि सोनियाकडं पाहिलं.

"च... च..." सोनियानं श्वास घेतला. गाडी सुरू होती. मागं वऱ्हाड ताटकळलं होतं. कोणी काही बोललं नाही.

"चिकलठाण्यावरून," ती म्हणाली.