त्यांचं नाव आधी, मधे व्हर्सेस

खरं तर मी लिहावं असं काही घडलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे वाचताना कुणाला वाटलं की हा पोरगा उगीच वेळ घेतोय, तर त्यांची मी आधीच माफी मागतो. एका पानाच्या शीर्षकाची गोष्ट आहे. पण ती मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

दुसऱ्या वर्षाला असताना जालना रोडवरच्या एका लहान कंपनीत मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. काम बरं वाटलं तर पुढं कायम, असं सरांचं म्हणणं होतं. सर म्हणजे मालक. ते, एक ताई आणि मी, एवढीच कंपनी, मिठाईच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये. आम्ही सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर विकायचो. पाहुण्यांची नोंद, मेंटेनन्सच्या पावत्या, आणि आमच्या शहरात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टँकर किती आले त्याची नोंद. शहर बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं, पण नळ तिथवर पोचले नव्हते. त्या वर्षी तर मार्चमध्येच टँकर सुरू झाले होते.

पोरगा कंपनीत लागला, हे आई-बाबांनी दौलताबादला सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आई विचारायची, "तिथं करतो काय तू?"

"इंटरनेटवरच्या पानांची नावं लिहितो."

"नुसती नावं? आन त्याला कंपनी लागती व्हय?"

पहिलं मोठं काम तुलनेच्या पानाचं होतं. पुण्याची एक कंपनी आमच्याचसारखं सॉफ्टवेअर विकायची. ती मोठी, तिचं नाव लोकांना माहीत. घ्यायच्या आधी लोक तिचं नाव आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधून बघायचे. मी शीर्षकात दोन्ही नावांच्या मधे 'विरुद्ध' लिहिलं. आठवडा गेला, पानावर कुणी फिरकलं नाही.

ताई म्हणाल्या, "अरे, तू तरी शोधताना 'विरुद्ध' टाइप करतोस का? लोक व्ही-एस टाकतात, म्हणजे व्हर्सेस. ते जे टाकतात तेच त्यांना दिसायला पाहिजे. आणि त्यांचं नाव आधी घे, लोक त्याच क्रमानं शोधतात. लांबट करू नकोस, मोबाईलवर शेपूट कापलं जातं."

सर आतून ओरडले, "आपल्या पानावर त्यांचं नाव आधी? लग्न आपल्या घरचं आणि पत्रिकेत पहिलं नाव शेजाऱ्याचं?"

"सर, शेजाऱ्याच्या नावानंच लोक मांडवात येतायत," ताई म्हणाल्या. सर हसले, आणि ते तसंच राहिलं.

दोन नावांनंतर थोडी जागा उरली होती. तिथं मी लिहिलं, 'टँकरची नोंद फक्त एकातच'. ती एकातच म्हणजे अर्थात आमच्यात. हे मला कुठून कळलं? त्यांच्या एका जुन्या माहितीपत्रकात टँकरचा उल्लेख नव्हता, तेवढंच. त्यांचं सॉफ्टवेअर मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

शोधताना आमचं पान वर दिसू लागलं. किती जणांना दिसलं, किती जणांनी त्यावर दाबलं, हे मी रोज सकाळी बघायचो. चौकशा येऊ लागल्या. सरांनी ताईंसमोर पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगं राहतंय."

त्यातली एक चौकशी बायपासजवळच्या सातारा परिसरातल्या मोठ्या सोसायटीची होती. सरांनी सॉफ्टवेअर दाखवायला मलाच पाठवलं. सेक्रेटरी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पाणी दिलं, तेही अर्धा पेला, आणि आपला मोबाईल माझ्यापुढं सरकवला. त्यावर पुण्याच्या कंपनीचं, चाचणीपुरतं घेतलेलं सॉफ्टवेअर उघडलेलं होतं. टँकर आत येतानाचा, सेक्रेटरीबाईंनी स्वतः काढलेला फोटो, खाली वेळ, गाडीचा नंबर.

"तुम्ही तर लिहिलंय की यांच्यात हे नाहीच. मग हे काय आहे, बाळा?"

"मला माहीत नव्हतं, काकू."

"माहीत नव्हतं तर 'माहीत नाही' लिहायचं. 'नाही' का लिहिलं?"

त्यांनी मला गेटवर नेलं. तेवढ्यात टँकर आला. वॉचमन काकांकडं बटणांचा फोन होता. आमच्या पद्धतीत त्यांनी एका नंबरवर मिस्ड कॉल दिला की टँकरची वेळ नोंदली जायची. काकूंनी त्यांच्याकडून ते करवून बघितलं. मग वॉचमन काकांना विचारलं, "कोणतं बरं?"

"मला हेच बरं बाई, फोटोबिटो जमत नाय. पण टँकरवाला लई बेरकी हाय. अर्धा भरून आणला तर मिस्ड कॉलला काय कळणार?"

परत येताना रिक्षात मला कळलं की तुलना इथं, गेटवर उभं राहून करायची होती. मी ती खुर्चीत बसून केली होती.

ऑफिसात सगळं सांगितलं. म्हणालो, "सर, शीर्षक बदलायला पाहिजे. पानातला तुलनेचा तक्तापण."

सरांनी पुण्याच्या कंपनीचं पान उघडलं. "त्यांच्या पानावर आपल्याबद्दल एक ओळ तरी चांगली आहे का? मग त्यांची वकिली मी का करू? याच ओळीनं लोक येतायत, बाबा."

बोललो तर पुढची कायमची नोकरी जातेय, हे मला दिसत होतं. तरी कसाबसा म्हणालो, "सर, ते खोटं आहे. आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"बदल," सर शेवटी म्हणाले. "पण चौकशा घटल्या तर मला सांगू नकोस."

मी त्यांचं सॉफ्टवेअर आठ दिवस चाचणीसाठी घेऊन वापरलं. मग नवं शीर्षक लिहिलं. त्यांचं नाव, व्हर्सेस, आमचं नाव, आणि पुढं 'टँकरची नोंद: फोटो की मिस्ड कॉल?' पानाच्या सुरुवातीलाच लिहिलं की यातलं एक आम्हीच बनवतो. कधी तपासलं ती तारीख टाकली. गेटवर स्मार्टफोन असेल आणि टँकर किती भरलाय हे बघायचं असेल तर त्यांचं घ्या, हेही लिहिलं. ते वाक्य टाइप करताना माझी बोटं अडली होती, हे खरं आहे.

चौकशा घटल्या. शीर्षकामुळं की तोवर पाऊस होऊन टँकरच कमी झाले म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तीन महिने संपले तेव्हा सर म्हणाले, "सध्या तिघांचं काम नाही रे. कळवतो." त्यांचा आवाज खाली गेला होता. मला त्यांचा राग आला नाही. काकूंच्या सोसायटीनं पुण्याचंच घेतलं होतं.

घरी मी परीक्षेचं कारण सांगितलं. बाबांनी कंपनीचं नाव काढणं बंद केलं. सरांकडून काही कळलं नाही. दिवाळी गेली, पुढचा मार्च आला आणि पुन्हा टँकर सुरू झाले.

मग एका दुपारी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो असताना ताईंचा फोन आला. कामावर बोलावतायत असं वाटून मी उभाच राहिलो. पण तसं नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "नवीन मुलगा आलाय. तो सरांना म्हणाला, हे शीर्षक फार मवाळ आहे, 'आम्हीच नंबर एक' करू या. सर काय म्हणाले माहितेय? म्हणाले, त्याला हात लावू नको, ते लिहिणारा गेटवर जाऊन बघून आला होता. आणि तारीख जुनी झालीय, तर आधी जाऊन तपासून ये."