एकोणीस जोड्यांचा डेमो

हसुमतीबेन सोलंकी आमच्या कंपनीत तक्रारीच्या टेबलावर बसते त्याला यंदा बावीस वर्षं झाली. आम्ही बडोद्यात लिफ्टची देखभाल करतो. साडेसातशे लिफ्ट, अडतीस मेकॅनिक. मी, मोरे, त्यांचा सुपरवायझर. कुठली लिफ्ट कुठल्या सोसायटीत, तिथला सेक्रेटरी कोण, तो कोणत्या मेकॅनिकवर खार खाऊन आहे, हे सगळं हसुमतीबेनच्या डोक्यात आणि एका लाल वहीत. वहीतलं अक्षर फक्त तिलाच लागतं, त्यामुळे वही चोरीला जायची भीती आम्हाला कधी वाटली नाही.

या बाईचा गळा मात्र तक्रारी घ्यायला दिलेला नव्हे. लग्नाआधी ती वाडीतल्या मंडळात गरबा गायची. लोक फेर थांबवून ऐकायचे म्हणे. पण नवरात्रात अख्खं बडोदं संध्याकाळी एकाच वेळी नटूनथटून खाली उतरतं, सात जणांच्या लिफ्टमध्ये अकरा जण घुसतात आणि आमचे फोन पेटतात. त्यामुळे बावीस नवरात्रं तिने कानाला फोन लावूनच काढली होती.

यंदा श्रावण संपता संपता तिच्या जुन्या मंडळाने तिला बोलावणं धाडलं. मुख्य गायिका, नऊच्या नऊ दिवस. ती थेट मालकांच्या, म्हणजे किरीटभाईंच्या केबिनमध्ये गेली. किरीटभाई मऊ माणूस, पण नवरात्राचं नाव काढलं की त्यांचा रक्तदाब चढतो.

"बेन, तुम्ही नसाल तर टेबल कोण बघणार?"

"मोरेभाई बघतील."

"मोरे?" असं म्हणून किरीटभाई इतके हसले की मी बाहेरूनच रागावलो. मग म्हणाले, "तुमच्यावाचून टेबल चालवणारं एखादं सॉफ्टवेअर शोधून आणा. महिन्याला दहा हजारांच्या आत. चाललं तर नऊ संध्याकाळी तुमच्या. नाही चाललं तर खुर्ची सोडायची नाही."

ती बाहेर आली ती जवळजवळ गिरकी घेतच. "मोरेभाई, मला माझ्या जागी कोणीतरी शोधायचंय. बसा, पत्र लिहू."

असं पत्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही. अहमदाबादच्या एका कंपनीचं 'सेवाचक्र' नावाचं सॉफ्टवेअर तिने शोधलं होतं. त्यांच्या वेबसाइटवर सगळं होतं, फक्त भाव नव्हता. भावाच्या जागी लिहिलं होतं, 'आमच्याशी बोला.'

"साडीवर चिठ्ठी नसली की मी दुकानातून उठते," हसुमतीबेन म्हणाली. "लिहा. डेमोच्या आधी भाव लेखी पाठवावा. माणशी किती, महिन्याचा की वर्षाचा, सुरुवातीला बसवायचे वेगळे किती, शिकवायचे किती, जीएसटी धरून की सोडून. आणि उद्या तुमच्याशी पटलं नाही तर आमची माहिती आम्हाला परत मिळेल का."

"बेन, हे लग्न जमवताय की सॉफ्टवेअर घेताय?"

"लग्नात एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. लिहा पुढे. यावाचून चालणार नाही अशा गोष्टी. एक, माणूस अडकल्याची तक्रार बाकी सगळ्यांच्या वर यावी आणि कोणी उचलेपर्यंत बोंबलत राहावी. दोन, तळघरात रेंज नसते, तिथेही चालावं. तीन, मेकॅनिकला सगळं गुजरातीत दिसावं. चार, रणछोडला अलकापुरीच्या त्या सोसायटीत कधीही पाठवू नये."

"चौथं कसं लिहू?"

"'ठरावीक ग्राहकाकडे ठरावीक मेकॅनिक टाळता यावा.' घ्या, झालं सभ्य."

पाचवी अट माझी होती. लिफ्टच्या कामाला आमच्याकडे एकटा माणूस कधीच जात नाही. एक खाली खड्ड्यात उतरला की दुसरा वर स्विचपाशी उभा. त्यामुळे दोघांची नावं कामावर हवीत, आणि दोघेही सुखरूप बाहेर आल्याची खूण झाल्याशिवाय काम बंद होता कामा नये. हसुमतीबेनने ही अट उचलून सगळ्यांत वर ठेवली.

मग त्यांच्या वेबसाइटवरचा अर्ज भरायचा होता. त्यात एक चौकोन होता, 'टीम किती जणांची?' तिने विचारही न करता १९ लिहिलं. मीही मान डोलावली. आमच्या धंद्यात माणसं मोजतच नाहीत, जोड्या मोजतात. सकाळी मी हजेरी घेतो तेव्हा एकोणीस म्हटलं की सगळे आले. 'अडतीस' हा आकडा फक्त दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांसाठी वापरतात.

दुसऱ्या दिवशी भाव आला. माणशी महिना साडेचारशे, जीएसटी धरून, शिकवणं फुकट. मेकॅनिकांचे एकोणीस आणि टेबलाचे आम्ही दोघं, असे एकवीस. नऊ हजार साडेचारशे. हसुमतीबेनने कॅल्क्युलेटर तीनदा दाबला आणि तिन्ही वेळा तोच आकडा आल्यावर शिपायापासून किरीटभाईंपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या पैशाने सेव-उसळ खाऊ घातली. दुपारभर ती फोनवर "नमस्कार, लिफ्ट कंपनी" हे शब्द गरब्याच्या चालीत म्हणत होती. एका सेक्रेटरीने विचारलं म्हणे, बेन, तब्येत बरी आहे ना?

डेमो द्यायला जैनिल वखारिया नावाचा तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जिभेचा, लॅपटॉप उघडताच रंगीबेरंगी आलेख. "हे बघा मासी, इथे ग्रीन पार्क टॉवर..."

"हे कुठे आलं?"

"नमुन्याची माहिती आहे, मासी."

"नमुन्याची लिफ्ट कधी बिघडत नाही, भाई. हे घ्या, परवाच्या सोमवारच्या चौतीस तक्रारी. या घालून दाखवा."

बिचाऱ्याने घातल्या. सॉफ्टवेअर खरोखर चांगलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. अडकलेल्या माणसाची तक्रार टाकताच लॅपटॉप असा ठणाणा करू लागला की किरीटभाई केबिनमधून पळत आले. रणछोडचं नाव अलकापुरीसमोर टाकल्यावर पडदा लाल झाला. रणछोड मागेच उभा होता, तो म्हणाला, "बघा, मशीनलासुद्धा कळलं."

मग हसुमतीबेनने चपला घातल्या. "चला, आता तळघर."

"मासी, रेंज नसताना चालतं, मी सांगतो ना."

"सांगता ते ऐकलं. आता दाखवा."

शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या तळघरात आम्ही सगळे उतरलो. जैनिलच्या इस्त्रीला ग्रीस लागलं, पण पोरगा डगमगला नाही. रेंज शून्य असताना त्याने काम बंद केलं, फोटो काढला. वर आल्यावर सगळं आपोआप टेबलाच्या पडद्यावर उमटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. हसुमतीबेन मात्र पडद्याला नाक लावून उभी.

"काम बंद केलं अकरा वीसला. इथे अकरा एकेचाळीस का?"

जैनिल गडबडला. ती वर येऊन रेंज मिळाल्याची वेळ होती. त्याने सेटिंगमध्ये शोधाशोध केली, फोनवरची वेळ धरायची खूण सापडली, आम्ही पुन्हा खाली जाऊन वर आलो आणि या खेपेला वेळ बरोबर पडली. माझे गुडघे बोलू लागले होते. हसुमतीबेन मात्र जिन्यावर दोन-दोन पायऱ्या घेत होती.

शेवटी पाचवी अट. "आता या कामावर रणछोड आणि इब्राहिम दोघांना घाला."

"घालू की. इब्राहिमभाईंचं लॉगिन?"

"लॉगिन कसलं? ती एक जोडी आहे."

जैनिलची बोटं थांबली. "मासी, एकोणीस म्हणजे..."

"एकोणीस जोड्या."

"म्हणजे अडतीस माणसं. आणि तुम्ही दोघं, चाळीस." तो अगदी हळू बोलला, जणू कोणी वारलंय. "अठरा हजार होतील."

किरीटभाईंनी फक्त मान हलवली आणि ते केबिनमध्ये गेले. हसुमतीबेन खुर्चीत बसली. अर्जात आकडा तिने लिहिला होता, पण मान मी डोलावली होती. मला इतकी लाज वाटली की उरलेले पैसे माझ्या पगारातून कापा, असं सांगायला मी केबिनकडे निघालोसुद्धा.

तेवढ्यात तिने इब्राहिमला हाक मारली. "इब्राहिमभाई, तुम्ही खड्ड्यात उतरता तेव्हा फोन कुठे असतो?"

"रणछोडच्या खिशात, बेन. माझे दोन्ही हात तेलात."

"आणि वर आल्यावर?"

"तेव्हाही त्याच्याकडेच. माझ्या हातात दिला तर काळा होतो."

ती जैनिलकडे वळली. तिचा आवाज पुन्हा चढला होता. "मग दुसरं लॉगिन वापरणार कोण? तेल? जोडीला फोन एक, लॉगिन एक. कामाच्या कागदावर नावं दोन आणि 'बाहेर आलो' या खुणा दोन. खुणा वाढवायचे पैसे पडतात?"

"नाही मासी, खुणा कितीही वाढवता येतात. दोन्ही केल्याशिवाय काम बंद होणार नाही, असंही करता येतं. पण एका लॉगिनवर दोन माणसं आमच्या नियमात बसत नाहीत. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. स्पीकरवर."

अहमदाबादच्या साहेबांनी आधी नियम वाचून दाखवला. मग हसुमतीबेनने त्यांना लिफ्टचा खड्डा समजावला. वीस मिनिटं. मधे दोन तक्रारीही घेतल्या. शेवटी साहेब म्हणाले, "बेन, मान्य. एक जोडी, एक फोन, एक लॉगिन."

"लेखी द्या. भावाच्या कागदावरच."

"देतो."

"आणि पुढच्या वर्षी भाव वाढवला तर?"

"बेन, आता मला जेवायला जाऊ द्या!"

संध्याकाळच्या आत कागद आला. एकवीस लॉगिन, नऊ हजार साडेचारशे. किरीटभाईंनी सही केली. हसुमतीबेनने रणछोड, इब्राहिम आणि जैनिलला ऑफिसच्या मधोमध उभं करून टाळ्यांचा फेर धरायला लावला. ग्रीसच्या शर्टातला जैनिल आमच्या सगळ्यांपेक्षा बरा नाचला.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी मी टेबलावर एकटा बसलो. आठ वाजता पहिला ठणाणा झाला. मी दचकलो, पण मला काही करायची वेळच आली नाही. जवळच्या जोडीने काम उचललं. तेराव्या मिनिटाला माणसं बाहेर, पंधराव्या मिनिटाला रणछोड आणि इब्राहिम, दोघांच्या खुणा. मग दुसरी, मग तिसरी तक्रार. साडेनऊपर्यंत सतरा झाल्या. एकाही सेक्रेटरीने बेन कुठे आहेत म्हणून विचारलं नाही. मला तिच्यासाठी थोडं वाईटही वाटलं.

मध्यंतरात तिचा फोन आला. मागे ढोल, माणसांचा गलका, तिला धाप लागलेली.

"मोरेभाई, खरं सांगा. कोणी अडकलंय?"

"नाही."

"कोणी मला विचारलं?"

बावीस वर्षं बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? पण तिने खरं विचारलं होतं.

"नाही, बेन. कोणीच नाही. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही."



"परत म्हणा," ती म्हणाली.

"तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, हसुमतीबेन!"

"मोठ्याने म्हणा, इथे ऐकू येत नाही!"

मी उभा राहिलो आणि रिकाम्या ऑफिसात बेंबीच्या देठापासून ओरडलो. ती इतकी खदखदून हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग मंडळातल्या कोणीतरी तिला हाक मारली, "बेन, माइक!" आणि तिने फोन न ठेवताच गायला सुरुवात केली.