उडालेलं सी-फोर

विजयश्री ओव्हाळ हे नाव चाकणच्या औद्योगिक वसाहतीत फारसं कुणाला माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही. ज्यांना तेलातुपाची भेसळ पकडायची असते त्यांना मात्र ते माहीत होतं. वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती तपासणी करायची, आणि तिथल्या रिपोर्टखाली तिचं नाव असलं की बिस्किटवाले, मिठाईवाले, फरसाणवाले पुढचं पान उलटत नसत. हे नाव कमवायला बाईला एकोणीस वर्षं लागली होती.

वडील देहूरोडच्या कारखान्यात कामगार, घरात पाच जण. बारावीनंतर ती या प्रयोगशाळेत लागली ती काचेची भांडी धुवायला. धुता धुता बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची, आणि वाचलेलं निरंजन सरांना विचारायची. सर तिथले मुख्य. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तू धू गं बाई. सर मात्र स्टूल ओढून बसले आणि समजावू लागले. पुढे मुक्त विद्यापीठाची पदवी झाली, तिचा फॉर्मसुद्धा सरांनीच भरला. लग्नातही उभे राहिले. एवढं सगळं झाल्यावर माणूस सर राहत नाही, घरचं माणूस होतं. तिनं तसंच मानलं, आणि तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

तिचं काम सांगायला सोपं, करायला नाजूक. तुपातली फॅटी ॲसिडं तीन-तीनच्या गटानं ग्लिसरॉलला चिकटलेली असतात. हा सगळा बोजा गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनमध्ये, तसाच घातला तर त्याची नीट वाफच होत नाही. नुसती ॲसिडं सुटी करून घातली तर ती आतल्या नळीला चिकटून बसतात आणि आलेखावर लांब शेपट्या काढतात. म्हणून त्यांना आधी मिथाइल एस्टर करायचं. मग ती वाफ होऊन नळीतून मुकाट जातात, लहान आधी आणि मोठी मागून, आणि प्रत्येकाचा आलेखावर एकेक उंचवटा येतो. त्याला पीक म्हणायचं.

तुपासाठी सरांनी तिला साधी रीत शिकवली होती. तूप हेक्झेनमध्ये विरघळवायचं, त्यात मिथेनॉलमधलं पोटॅश घालायचं, झाकण लावून मिनिटभर हलवायचं आणि थर वेगळे झाले की वरचा घ्यायचा. उकळायचं नाही, आणि नायट्रोजनचा झोत देऊन सुकवायचं तर मुळीच नाही. कारण चार कार्बनचं ब्युटिरिक, म्हणजे सी-फोर, हेच दुधाच्या तुपाची ओळख. वनस्पती तेलात ते नसतं. त्याचा एस्टर इतका हलका की नुसतं फुंकलं तरी पळेल. "विजू, सुकवलंस की साक्षीदार पळाला म्हणून समज," असं सर म्हणायचे. त्या वर्षांत ती जेवायचं विसरली असेल, पण हे विसरली नाही.

त्या सोमवारी सर पुण्यात बैठकीला गेले होते. सकाळी विजयश्रीनं क्रोमॅटोग्राफच्या नळीचं तोंड कापलं. तिथे मळ साचतो, मग पीक वाकडे येतात. साठ मीटरच्या नळीतला अर्धा मीटर गेला. नळी आखूड झाली की सगळे पीक थोडे लवकर येतात, म्हणून तिनं सदतीस एस्टरांचं प्रमाणित मिश्रण चालवून सगळ्यांच्या वेळा नव्यानं मांडल्या. सोळा कार्बनचं पामिटिक आधी २१.४८ मिनिटांना यायचं, ते आता २१.३७ ला येऊ लागलं. तिनं हे मशीनच्या वहीत लिहून ठेवलं. ती वही सर पूर्वी रोज वाचायचे. गेल्या चार वर्षांत ते केबिनमधून फारसे उठले नव्हते.

मंगळवारी एका मिठाई कंपनीनं विकत घेतलेलं तूप तपासायला आलं. तिनं दोनदा एस्टर केले, दोनदा चालवले. दोन्ही वेळा सी-फोर साडेतीनच्या जागी दोन टक्के. तिनं पुढचे पीक पाहिले. सी-सिक्स, सी-एट, सी-टेन, सगळे त्याच मापात घटलेले. तेलात जास्त असणारी ॲसिडं मात्र वर गेलेली, ओलेइक वाढलेलं, लिनोलेइक दोनचं पाचाच्या वर. म्हणजे दहा किलोत जवळजवळ चार किलो पामोलिन, स्वस्त पाम तेल. तिनं सरांच्या टेबलावर कागद ठेवला आणि मिठाई कंपनीच्या मिनल मॅडमना फोन केला. "माल वापरू नका अजून. रिपोर्ट येतोच आहे." वाईट निकाल असला की असा फोन आधी करायचा, ही तिथली जुनी पद्धत.

पुढच्या आठवड्यात मिनल स्वतः आली. कंपनीत गुणवत्ता बघणारी, तिशीतली, बोलायला मोकळी. सरांच्या केबिनमध्ये चहा चालला होता. विजयश्री आत गेली तशी मिनल हसून म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी घाबरवलंत हो आम्हाला! सर म्हणाले सी-फोर उडालं तुमच्याकडून. नायट्रोजननं सुकवलंत म्हणे. होतं असं कधी कधी."

विजयश्रीला आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या नमुन्याचं चाललंय. मिनलनं रिपोर्ट पुढे केला. सी-फोर ३.४. तूप शुद्ध. खाली तिचं नाव.

तिनं सरांकडे पाहिलं. सर चहात बिस्किट बुडवत होते. "थकलीये ती," ते मिनलला मायेनं म्हणाले. "मी म्हटलं, गुरुवारी पुन्हा चालव शांतपणे. निकाल व्यवस्थित आला."

खोटं तर होतंच, पण सरांनी खोटं बोलायला निवडलं काय, तर नेमकी ती एकच गोष्ट, जी त्यांनीच तिला कधी करू दिली नव्हती. आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. ती रिपोर्ट घेऊन मशीनच्या खोलीत आली.

गुरुवारचा आलेख उघडला. देखणा होता, पीक सरळ आणि तळ सपाट. तिनं पामिटिकची वेळ पाहिली. २१.४८. पुन्हा पाहिली. ओलेइकही जुन्याच वेळेला, स्टीअरिकही. त्या सोमवारी नळी कापल्यानंतर या मशीनवर पामिटिक २१.४८ ला येणं शक्यच नव्हतं. कुणीतरी जुन्या चांगल्या तुपाचा आलेख उचलून त्याला नवं नाव आणि नवी तारीख दिली होती, आणि त्या कुणालातरी नळी कापल्याचं माहीत नव्हतं.

मग तिनं नोंद पाहिली, हे कुणाच्या लॉगिननं झालंय. लॉगिन तिचं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी ती रजेवर गेली तेव्हा सरांनी पासवर्ड मागितला होता, आणि तिनं कागदावर लिहून दिला होता. सरांपासून काय लपवायचं! तो तिनं नंतर बदललाही नव्हता.

सर मागे येऊन उभे राहिलेले तिला कळलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

"नळी कापलीस होय," ते म्हणाले. "मला सांगायचंस तरी."

"वहीत लिहिलंय सर."

"यांना तूप पुरवणारा आपल्याकडे महिन्याला साठ नमुने पाठवतो विजू. एवढा एक पास केला, त्याला तंबी दिलीये. पामोलिनच आहे, विष नाही. आणि हा अकरा शतांशाचा फरक तुझ्याशिवाय कुणाला दिसणार आहे?"

"माझं नाव का टाकलंत?"

सरांना प्रश्नाचं नवलच वाटलं. "मग कुणाचं टाकू? तुझ्या नावावर कुणी शंका घेत नाही."

हे ते कौतुकानं म्हणाले. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला घडवतोय असं ती समजत होती. घडवतच होता की! कोऱ्या कागदावर चालेल असा शिक्का घडवत होता.

ती उठली. सर "विजू, ऐक" म्हणत राहिले, तोवर तिनं फ्रिजमधून राखून ठेवलेली त्याच तुपाची सीलबंद बाटली काढली आणि थेट केबिनमध्ये जाऊन मिनलसमोर ठेवली. "मॅडम, तुमच्यासमोर करते. अर्धा-पाऊण तास थांबाल?"

मिनल तिच्यामागून मशीनच्या खोलीत आली, सर दारात उभे राहिले. तूप, हेक्झेन, पोटॅश, मिनिटभर हलवणं. विजयश्रीच्या हातांना वाट पाठ होती. वरचा थर छोट्या कुपीत घेतला, मशीनला दिला. पीक एकेक करून उमटू लागले. सी-फोर दोन टक्के. पामिटिक २१.३७.

"वाफ होऊन गेलं असतं," ती मिनलला म्हणाली, "तर सी-फोर जवळजवळ संपलं असतं, सी-सिक्स थोडं कमी झालं असतं आणि सी-टेन जागच्या जागी राहिलं असतं. इथं चारही सारख्याच मापात कमी आहेत. उडालेलं काही नाही. यात पाम मिसळलंय." मग तिनं दुसरा आलेख शेजारी धरला. "आणि हा गुरुवारचा. नळी त्याच आठवड्यात सोमवारी कापली, ही वहीतली नोंद. तरी वेळा कापण्याआधीच्या. हा तुमच्या तुपाचा नाहीच."

मिनल हुशार होती. तिनं दोन्ही आलेख पाहिले, वही पाहिली, आणि तिथूनच फोन करून माल थांबवायला सांगितलं. विजयश्रीला वाटलं, सुटले.

मग मिनलनं गुरुवारच्या आलेखाच्या खालची बारीक ओळ वाचली. तिथे लॉगिनचं नाव छापलेलं होतं. तिचा चेहरा बदलला. मघाचं हसू, मघाचं मोकळं बोलणं, सगळं एका क्षणात आत गेलं.

"मॅडम, हा तर तुमच्याच नावानं तयार झालाय."

"मी नाही केला. माझा पासवर्ड सरांकडे आहे." बोलता बोलताच तिला कळलं, हे किती लंगडं ऐकू येतंय. चोरी पकडून दिली होती तिनं, पुराव्यासकट, आणि पुरावा फिरून तिच्याच दारात उभा होता.

मिनल सरांकडे वळली. "सर, हे खरं आहे?"

विजयश्रीनंही त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही, एवढं सगळं होऊनही, तिला खात्री होती की आता ते बोलतील. फार नाही, एक "हो" पुरला असता. आयुष्यभर तिनं तो एक शब्द पुरवून वापरला असता आणि बाकी सगळं विसरून गेली असती.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"फार विश्वास टाकला मी हिच्यावर," ते मिनलला म्हणाले. "भांडी धुवायला आली होती."